ओल्गा टेलिसमध्ये हक्क मान्य झाला, मग झोपड्या का गेल्या?

प्रश्न: मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्यांबाबतच्या, ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या निकालाचा सारांश आम्हाला अभ्यासाला आहे, त्याखाली प्रश्न दिलेत. उपजीविकेचा हक्क कोर्टाने मान्य केला तर याचिकाकर्ते हरले कसे? संत रामचा आधीचा निकाल आड आला नाही का? कोर्टाला वेगळा निकाल देता आला असता का, आणि कशाच्या आधारावर? आमच्या वर्गात निम्मे जण म्हणतात की उपजीविकेचा भाग ऑबिटर आहे, म्हणजे जाता जाता म्हटलेला, बंधनकारक नसलेला. नक्की काय लिहायचं?

उत्तर:

सारांश बाजूला ठेवा आणि निकालपत्राचा शेवट आधी वाचा. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअरना मी पहिल्याच आठवड्यात हे करायला लावते. सारांश किंवा हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशांनी नाही. संपादकाला जे ठळक वाटलं ते वर येतं, आणि या निकालात ठळक काय आहे ते सगळ्यांनाच माहीत आहे.

शेवटी 'थोडक्यात आम्ही असे ठरवतो' अशा अर्थाचा परिच्छेद आहे. त्यात तीन गोष्टी ठरवल्या आहेत. फुटपाथ, पदपथ किंवा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेवर अतिक्रमण करण्याचा हक्क कुणालाही नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३१४ या प्रकरणातल्या परिस्थितीत अवाजवी नाही. आणि कामराज नगर ही वस्ती पश्चिम द्रुतगती महामार्गाला जोडलेल्या रस्त्यावर उभी आहे. त्यानंतर राज्य सरकारने स्वतःच्या प्रतिज्ञापत्रांत दिलेली आश्वासनं पाळावीत, असं सांगितलं आहे. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्या फुटपाथवासीयांना मालवणीला किंवा त्याहून लांब नसलेल्या सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यायची, पण 'हटवण्याआधीची अट म्हणून नव्हे'. शेवटी, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कुणालाही हटवायचं नाही, आणि याचिका 'निकाली काढल्या'. 'फेटाळल्या' असं म्हटलेलं नाही.

या परिच्छेदात 'उपजीविका' हा शब्द नाही. तुमच्या वर्गातल्या निम्म्यांचा संशय इथूनच आला असेल, आणि तो बिनबुडाचा नाही. तरीही माझ्या मते ते चुकतात. का चुकतात ते समजलं की बाकीच्या दोन प्रश्नांचीही वाट मोकळी होते.

आधी घडलं काय ते पाहू. १३ जुलै १९८१ ला, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. कामराज नगरचे रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे तात्पुरती मनाई मिळाली, पुढे १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत झोपड्या पाडणार नाही असं ठरलं, आणि रहिवाशांनीही त्या तारखेला जागा सोडू अशी लेखी हमी दिली. त्यांच्या वकिलांनी तर कबूलच केलं की फुटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. पण या सगळ्याच्या मधेच, २३ जुलैला, पाडकाम झालं होतं आणि माणसांना एसटी बसमध्ये बसवून मुंबईबाहेर नेलं होतं. सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकाकर्त्यांपैकी एक मजूर तमिळनाडूतल्या सेलमहून कामाच्या शोधात १९६१ ला मुंबईत आलेला होता. दहिसरच्या एका रसायन कंपनीत तो २३ रुपये रोजावर काम करत होता. त्याला सेलमला धाडलं, आणि तो कामासाठी परत मुंबईला आला. कोर्टापुढचं सगळं प्रकरण त्याच्या या परत येण्यात आहे: झोपडी कामाच्या ठिकाणाजवळ आहे म्हणून काम आहे, आणि झोपडी गेली की काम जातं.

आता तर्काची साखळी बघा. ती पाच कड्यांची आहे आणि निकालपत्रात ती बरीच पसरलेली आहे.

पहिली कडी: जगण्याचं साधन हिरावलं तर जगणंच हिरावलं जातं, म्हणून अनुच्छेद २१ मधल्या 'जीवित' या शब्दात उपजीविका येते. दुसरी: या माणसांची झोपडी गेली तर उपजीविका जाते, हे वस्तुस्थितीने सिद्ध आहे. तिसरी: म्हणून झोपडी पाडणं हे अनुच्छेद २१ च्या कक्षेत येतं आणि ते 'कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धती'नेच करता येईल. चौथी: मनेका गांधी निकालानंतर (१९७८, सात न्यायाधीश) ती कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असावी लागते. पाचवी: कलम ३१४ म्हणतं की रस्त्यावरचं अतिक्रमण आयुक्त विना नोटीस हटवू शकतील. हे 'शकतील' म्हणजे सक्ती नव्हे, अधिकार आहे. नोटीस देणं हा नियम, न देणं हा अपवाद. असा अर्थ लावला तरच कलम घटनेत बसतं.

महापालिकेचा युक्तिवाद असा होता की फुटपाथवर राहायचा हक्कच नसेल तर सुनावणीत ऐकायचं काय? कोर्टाने हे साफ नाकारलं. उत्तर देण्यासारखं काही नाही म्हणून विचारायचीही गरज नाही, हे नैसर्गिक न्यायाच्या उलट आहे, असं म्हटलं.

आता ऑबिटरचा मुद्दा. ओळखायची जुनी रीत तुम्हाला शिकवलेली असेल: ते विधान उलटं करून पाहा. निकाल तोच राहिला तर ऑबिटर, बदलला तर रेशो, म्हणजे निकालाचं बंधनकारक तत्त्व. वर्गातले मित्र ही कसोटी अंतिम आदेशाला लावतात. उपजीविका 'जीवित'मध्ये येत नाही असं धरलं, तरी ३१ ऑक्टोबरनंतर झोपड्या जाणारच होत्या. म्हणून ऑबिटर, असं ते म्हणतात.

चूक कसोटी कशाला लावली त्यात आहे. एका निकालात अनेक प्रश्न असतात, आणि कोर्टाने निकालात काढलेल्या प्रत्येक प्रश्नाचा रेशो वेगळा असू शकतो. इथे एक स्वतंत्र, दोन्ही बाजूंनी लढवलेला प्रश्न होता: कलम ३१४ घटनाबाह्य आहे का? त्याचं उत्तर 'नाही' आलं, पण ते कलमाचा अर्थ विशिष्ट रीतीने लावूनच आलं, आणि तसा अर्थ लावायची गरज पहिल्या कडीमुळे पडली. ती कडी उलटी करा. मग अनुच्छेद २१ लागूच होत नाही, कलम ३१४ त्याच्या कसोटीवर तपासायचं कारण राहत नाही, आणि 'नोटीस हा नियम' या निष्कर्षाचा घटनात्मक आधार जातो. म्हणून उपजीविकेचं विधान रेशोचा भाग आहे. कोण जिंकलं यावर रेशो ठरत नाही. हरलेल्या पक्षाच्या बाजूनेही रेशो जाऊ शकतो, आणि इथे तसंच झालं.

ज्याला खरोखर ऑबिटर म्हणावं असं या निकालात भरपूर आहे. शहरांकडे येणारा लोंढा, नियोजनातलं अपयश, टॉर्टमध्ये 'निकड' हा बचाव कधी चालतो, ही सगळी वाचनीय निरीक्षणं आहेत, पण त्यांच्यावर काही टेकलेलं नाही.

मात्र एक बाजू प्रामाणिकपणे लिहा, त्याने उत्तर वजनदार होईल. इंग्रजी कायद्यात १८६३ पासून, कूपर विरुद्ध वॉन्ड्सवर्थ या खटल्यापासून, घर पाडण्याआधी मालकाला ऐकावं हे तत्त्व आहे, आणि त्याला कुठलीही राज्यघटना लागली नव्हती. आपल्याकडेही क्रायपाक (१९६९) नंतर प्रशासकीय निर्णयांना नैसर्गिक न्याय लागतो हे मान्य होतं. म्हणजे नोटिशीचं बंधन साध्या प्रशासकीय कायद्यातूनही काढता आलं असतं. पण कलमात 'विना नोटीस' असे स्पष्ट शब्द असताना निव्वळ प्रशासकीय तत्त्व त्या शब्दांपुढे लंगडं पडतं. शब्द वाकवायला घटनेचं बळ लागलं. परीक्षक विचारी असेल तर या दोन वाक्यांना दाद देईल.

आता संत राम. हा १९६० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कोर्टाच्या आवारात वकिलांसाठी पक्षकार पकडून आणणाऱ्या दलालांची यादी करून त्यांना बंदी घालण्याच्या नियमाविरुद्ध तो मामला होता. तिथे युक्तिवाद झाला होता की 'जीवित'मध्ये 'उपजीविका' येते. कोर्टाने तो मोजक्या वाक्यांत उडवून लावला. नाकारण्यापलीकडे त्या युक्तिवादाचं काही करता येत नाही, अशाच भाषेत.

म्हणजे नेमका तोच कायद्याचा प्रश्न, आणि नेमकं उलटं उत्तर. १९८५ च्या पीठाने त्यातून वाट कशी काढली ते निकालपत्रात शोधून वाचा, कारण सारांशात ते बहुधा 'संत राम वेगळा ठरवला' एवढ्या चार शब्दांत आटोपलेलं असतं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी आधी नोंदवलं की संत राम हा मनेका गांधीच्या आधीचा आहे. मग फरक सांगितला: दलाली, जुगार अशा निंद्य किंवा बेकायदा धंद्यातून पोट भरायचा हक्क घटनेखाली कुणी सांगू शकत नाही, आणि आमच्यापुढचे याचिकाकर्ते असं काही करायला फुटपाथवर राहत नाहीत. त्यांची कामं हलकी असतील, पण इभ्रतीची आहेत.

हा फरक पटतो का? माझं मत सांगते: निष्कर्ष पटतो, वाट पटत नाही. एखादा पूर्वनिर्णय वेगळा ठरवताना दाखवायचं असतं की त्यातला नियम ज्या वस्तुस्थितीवर उभा होता ती इथे नाही. पण संत रामने 'दलालीची उपजीविका जीवितात येत नाही' असं म्हटलंच नव्हतं. 'उपजीविका' येत नाही, एवढंच सरसकट म्हटलं होतं, आणि कारण दिलं होतं ते अनुच्छेदाच्या शब्दांचं, धंद्याच्या स्वरूपाचं नव्हे. १९८५ च्या कोर्टाने त्या निकालाला त्याने न दिलेलं कारण बहाल केलं आणि मग त्या कारणावर तो वेगळा ठरवला.

खरा आधार पहिल्या अर्ध्या वाक्यात आहे: 'मनेका गांधीच्या आधीचा'. १९६० मध्ये अनुच्छेद २१ चा अर्थ गोपालन (१९५०) प्रमाणे लावला जात होता. प्रत्येक मूलभूत हक्क आपापल्या कप्प्यात, आणि २१ मध्ये 'कार्यपद्धती' म्हणजे विधिमंडळाने लिहिली ती, एवढंच. धंदा-व्यवसाय १९ च्या कप्प्यात, म्हणून तो २१ मध्ये शोधायचं कारण नाही. मनेका गांधीच्या मोठ्या पीठाने हे कप्पेच मोडले. तेव्हा संत रामचा पाया गेला, आणि पाच न्यायाधीशांना तेवढं सरळ सांगता आलं असतं. उत्तरात दोन्ही लिहा: कोर्टाने दिलेलं कारण, आणि ज्या कारणावर ते टिकतं ते.

इथे विद्यार्थ्यांकडून हमखास एक चूक होते. 'संत राम रद्दबातल केला' असं लिहितात. तसं केलेलं नाही. समान संख्येचं पीठ आधीचा निकाल रद्द करू शकत नाही. मतभेद असेल तर तो मोठ्या पीठाकडे पाठवायचा असतो. दाऊदी बोहरा समाज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या डिसेंबर २००४ च्या निकालात हे नीट मांडून ठेवलं आहे. म्हणून कुठलाही पूर्वनिर्णय हातात घेतला की समासात पेन्सिलीने किती न्यायाधीश ते लिहायची सवय लावा. वेगळा ठरवला, रद्द केला आणि वेगळं मत नोंदवून मोठ्या पीठाकडे पाठवला, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

हमीपत्राचाही असाच एक पूर्वनिर्णयाचा प्रश्न होता, तो लवकर संपवते. महापालिका म्हणाली, उच्च न्यायालयात तुम्ही कबूल केलंत, आता उलटता येणार नाही. कोर्टाने बशेशर नाथ (१९५९) चा आधार घेऊन म्हटलं की घटनेविरुद्ध एस्टॉपेल नाही, मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत. पण त्या वकिलांनी कबूल काय केलं होतं? फुटपाथवर झोपडी बांधायचा हक्क नाही, एवढंच. शेवटच्या परिच्छेदात कोर्टानेही तेच ठरवलं. कबुली बाजूला सारली गेली आणि तिच्यातला आशय निकाल म्हणून परत आला.

आता वेगळ्या निकालाचा प्रश्न. इथे बहुतेक उत्तरं घसरतात, कारण 'कोर्टाने अधिक मानवतावादी भूमिका घ्यायला हवी होती' असं लिहिलं जातं. ते मत आहे, पर्यायी निकाल नाही. पर्यायी निकाल म्हणजे असा निकाल, जो त्याच वस्तुस्थितीवर, त्या दिवशी उपलब्ध असलेल्या कायद्यावर, त्याच कोर्टाला लिहिता आला असता. असे पर्याय तीन होते: संत राम पाळून याचिका फेटाळणं, कलम ३१४ पूर्ण रद्द करणं, किंवा प्रकरण आयुक्तांकडे सुनावणीसाठी परत पाठवणं. पहिल्या दोन्हींबद्दल वर पुरेसं आलं आहे. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण कोर्टाने स्वतःच तो बोलून दाखवला आणि मग सोडून दिला.

निकालपत्रात हे वाक्य शोधा. आशय असा: एरवी आम्ही आयुक्तांना सांगितलं असतं की याचिकाकर्त्यांना म्हणणं मांडायची संधी द्या, पण आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्ही इथे भरपूर दिली आहे, दोन्ही बाजूंनी वस्तुस्थितीवर आणि कायद्यावर सविस्तर युक्तिवाद झाला आहे, आणि तो ऐकून आमचं मत आहे की आयुक्तांचा आदेश योग्य होता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे हरले कसे याचं, उत्तर हे वाक्य आहे. हक्क सुनावणीचा मिळाला, आणि सुनावणी झाली असं सर्वोच्च न्यायालयातल्याच सुनावणीवरून धरलं गेलं.

हे बरोबर आहे का, ते त्याच निकालात आधार म्हणून घेतलेल्या एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन (१९८०) या निकालावर ताडून पाहू. तो नवी दिल्लीची नगरपालिका समिती सुनावणीशिवाय बरखास्त केल्याचा मामला होता. न्या. चिनप्पा रेड्डी यांनी तिथे म्हटलं की नैसर्गिक न्याय न पाळणं हेच नुकसान आहे, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. अपवाद एकच ठेवला: वस्तुस्थिती कबूल किंवा निर्विवाद असेल आणि तिच्यावर एकच निष्कर्ष निघू शकत असेल, तर कोर्ट निष्फळ रिट काढत नाही. हेच न्या. चिनप्पा रेड्डी ओल्गा टेलिसच्या पाचांपैकी एक होते.

आता अपवाद लावून बघा. वस्तुस्थिती निर्विवाद होती का? कामराज नगरचे लोक म्हणत होते की आमची वस्ती फुटपाथवर नाहीच. महामार्गाचं काम चालू असताना तिथल्या मजुरांसाठी ती वसली आहे. महापालिका म्हणत होती की ती जोडरस्त्यावर आहे. हा वस्तुस्थितीचा सरळसरळ वाद होता, आणि पाच न्यायाधीशांनी तो दिल्लीत बसून, प्रतिज्ञापत्रं वाचून सोडवला. शेवटच्या परिच्छेदातलं तिसरं वाक्य तेच आहे.

आणि सेलमहून आलेल्या त्या मजुराला आयुक्तांपुढे उभं केलं असतं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काय असू शकलं असतं? १९७६ च्या गणनेत माझी नोंद आहे का ते तपासा. माझं छप्पर चालणाऱ्यांची वाट अडवतं का, जागेवर येऊन पाहा. अडवत असेल तर कुठवर मागे घेऊ? पावसाळा संपेपर्यंत थांबा. दहिसरच्या जवळपास पर्यायी जागा आहे का? यातला एकही मुद्दा 'मला फुटपाथवर राहायचा हक्क आहे' या दाव्यावर टेकलेला नाही. महापालिकेचा 'ऐकायचं काय' हा युक्तिवाद कोर्टाने तत्त्वतः फेटाळला, पण हे मुद्दे एकेका झोपडीपुरते कुणी ऐकलेच नाहीत. दिल्लीतली सुनावणी कायद्यावर होती. आयुक्तांपुढची सुनावणी माणसागणिक झाली असती. तुमच्या पर्यायी निकालाचा गाभा हा ठेवा: कपूरच्या अपवादाच्या अटी पूर्ण होत नव्हत्या, म्हणून नियम लागू व्हायला हवा होता, आणि नियम म्हणजे प्रकरण परत पाठवणं.

याविरुद्धचा युक्तिवादही मांडा, नाहीतर उत्तर एकतर्फी होतं. मनेका गांधीतही आदेश औपचारिकपणे रद्द झाला नव्हता. सरकार तिचं म्हणणं ऐकेल असं ॲटर्नी जनरलनी सांगितल्यावर कोर्टाने त्यावर भागवलं होतं. नंतरच्या सुनावणीने आधीची उणीव भरून काढणं तेव्हा रूढ होऊ लागलं होतं. शिवाय हजारो झोपड्यांच्या सुनावण्या, चार वर्षं लांबलेला मामला, आणि सरकारने लेखी दिलेली आश्वासनं. व्यवहार पाहणाऱ्या कोर्टाला ३१ ऑक्टोबरची मुदत आणि १९७६ ची गणना हा मधला मार्ग वाटला असेल. पण मनेका गांधीत सुनावणी निर्णय घेणाऱ्यानेच द्यायची होती, इथे ती निर्णय तपासणाऱ्या कोर्टाने दिली, आणि हा फरक लहान नाही.

पुढे या निकालाचं काय झालं हे विचारलं नसलं तरी दोन ओळी हव्यात. सोदन सिंग (१९८९) मध्ये पाच न्यायाधीशांनी फेरीवाल्यांचा धंद्याचा हक्क अनुच्छेद १९ खाली मान्य केला, पण २१ चा दावा नाकारला आणि ओल्गा टेलिस वेगळा ठरवला. अहमदाबादच्या नवाब खान (१९९७) मध्ये पुन्हा फुटपाथवरच्या झोपड्याच होत्या, आणि तिथे जोर आला तो दीर्घकाळ वसलेल्यांना आधी नोटीस देण्यावर. दोन्ही निकाल वाचताना बघा की पुढच्या कोर्टांनी ओल्गा टेलिसमधून नेमकं काय उचललं. ओल्गा टेलिसने निवाऱ्याचा हक्क दिला, असं काही जण लिहितात, ते त्या निकालात नाही.

आणि १३ नोव्हेंबर २०२४ चा पाडकामांबाबतचा निकाल. दोन न्यायाधीशांच्या पीठाने १५ दिवसांची नोटीस वगैरे निर्देश दिले, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि जलस्रोतांवरची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळली. विद्यार्थी यावरून लिहितात की फुटपाथवाल्यांना आता नोटिशीचा हक्क राहिला नाही. तसं होत नाही. ते निर्देश त्यांना लागू नाहीत, एवढंच. पाच न्यायाधीशांनी कलम ३१४ ला दिलेला अर्थ दोन न्यायाधीशांच्या निर्देशातल्या अपवादाने पुसला जात नाही.

मी हे कोर्टात अनुभवलं आहे. रस्त्याकडेच्या काही टपऱ्यांसाठी आम्ही एका पालिकेविरुद्ध गेलो होतो. माझ्या ज्युनिअरने २०२४ चा निकाल काढून ठेवला होता, आणि समोरच्या वकिलांनी उठून पहिल्याच मिनिटाला त्यातला अपवाद वाचून दाखवला. मी ओल्गा टेलिसची हेडनोट वाचायला घेतली तर न्यायमूर्ती म्हणाले, परिच्छेद वाचा. मग 'नोटीस हा नियम, न देणं हा अपवाद' हा परिच्छेद वाचला, आणि अपवादाची परिस्थिती काय होती ते प्रतिज्ञापत्रात कुठे लिहिलं आहे असं विचारलं. कुठेच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर पालिकेच्या वकिलांनी निवेदन केलं की प्रत्येकाला नोटीस देऊन, म्हणणं ऐकून मगच पुढे जाऊ, आणि त्या निवेदनावर याचिका निकाली निघाली.